कांदा लावणारे पाहुणे

देवळाली प्रवरा. शाळेच्या पटांगणात स्नेहसंमेलनाचा मांडव भरलेला आहे. मी व्यासपीठाच्या पायरीशी, मराठीच्या बाईंच्या शेजारी उभा आहे. नववीतली निवेदिका माईकसमोर येते. हातातल्या पुठ्ठ्यावर प्रत्येक विनोदानंतर पेन्सिलीच्या दोन उभ्या रेघा आहेत. तिथं थांबायचं, हशा ओसरू द्यायचा. एक ओळ मात्र लाल शाईनं खोडलेली आहे. ती पाहुण्यांच्या टकलावर होती.

बाई हळूच म्हणतात, "माणसाला जे बदलता येत नाही, त्यावर बोलायचं नाही. आडनाव, गाव, पक्ष यांवरही नाही."

सुरुवात निवेदिका स्वतःपासून करते. "मोबाईलच्या नकाशात नुसतं देवळाली टाकलं तर तो नाशिकला नेऊन सोडतो. तिथं तोफखाना आहे. इथं ते काम मी करते." आवाज खरंच खणखणीत आहे. मागच्या रांगेतली पोरं हसून लोळतात.

आता पाहुण्यांची पाळी. ते याच शाळेचे माजी विद्यार्थी, पुढे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात कांद्यावर काम करून निवृत्त झालेले. ती तोंड उघडणार तोच रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर टेप वाजवत जातो. दुसरं कुणी असतं तर त्या आवाजातच वाक्य उरकून टाकलं असतं. ही थांबते, ट्रॅक्टरच्या दिशेनं हात जोडते आणि त्यावरही फुकटचा हशा मिळवते.

"सरांची सगळी नोकरी कांद्यात गेली, तरी डोळ्यांत कधी पाणी आलं नाही. कारण सरांनी कांदा लावला, विकला नाही!"

क्षणभर शांतता. मग शेतकरी पालकांच्या बाजूनं टाळ्यांचा असा कडकडाट होतो की मुख्याध्यापक दचकून पाहुण्यांकडे बघतात. पाहुणे हसताहेत. ही ओळ बाईंनी मघाशी चहाच्या वेळी त्यांच्या कानावर घातली होती, हे मुख्याध्यापकांना ठाऊक नसावं.

हशा पुरता विरण्याआधीच मुलीचा सूर बदलतो. सरांनी शेताच्या बांधावर जाऊन शेतकऱ्यांना बियाणं कसं निवडायचं ते शिकवलं, इथल्या मुलांना विद्यापीठाची शेतं हिंडून दाखवली, हे ती तीन वाक्यांत सांगते. इथं विनोद नाही. पाहुण्यांचं पूर्ण नाव ती सगळ्यांत शेवटी घेते, त्यामुळे टाळ्या नावावरच पडतात. वयाच्या मानानं ही जाण मला फार मोठी वाटते. मोठमोठ्या समारंभांत नाव आधी घेऊन मागून पानभर माहिती वाचणारे मी पुष्कळ ऐकलेत.

पाहुणे माईक खाली ओढून घेतात.

"बाळ, कांदा मी विकलाही आहे. वडिलांबरोबर, एका हंगामात. म्हणून तर नोकरी धरली!"