तेरा छापे, सात काटे

संख्याशास्त्राच्या प्रात्यक्षिकाच्या वह्या तपासताना एका टीएचा लाल पेन एका ओळीपाशी अडला. विद्यार्थ्याने नाणे वीस वेळा उडवले होते. १३ छापे, ७ काटे. तपासायची शून्य परिकल्पना अशी, की नाणे समतोल आहे. आकडेमोड अचूक होती: पी-मूल्य ०.२६. ते ०.०५ पेक्षा जास्त, म्हणून परिकल्पना नाकारता येत नाही, इथपर्यंतही बरोबर. पण शेवटी लिहिले होते, ‘यावरून नाणे समतोल आहे हे सिद्ध झाले.’

टीएने त्या ओळीचा गुण कापला. नुसता गुण कापून भागणार नाही असे वाटल्याने वहीत एक पत्रही ठेवले.

पत्राची सुरुवात ०.२६ चा अर्थ सांगण्यापासून होते. नाणे खरोखर समतोल असेल आणि शंभर जणांनी ते वीस-वीस वेळा उडवले, तर साधारण २६ जणांचा निकाल इतका किंवा याहून जास्त एकतर्फी येईल. म्हणजे हा आकडा ‘नाणे समतोल आहे’ असे आधीच धरून काढलेला असतो. जे धरून चाललो, तेच त्यातून सिद्ध कसे होणार?

मग टीए विद्यार्थ्याला एक उद्योग सांगतो: ‘आता हीच चाचणी दुसरी परिकल्पना घेऊन कर. समज, नाण्यावर छापा पडण्याचे प्रमाण ६० टक्के आहे.’ तेरा छाप्यांवरून तीही नाकारता येत नाही. ७० टक्के घेतले तरी नाही, ८० टक्के घेतले तरी नाही. साधारण ४१ पासून ८५ टक्क्यांपर्यंतचे कुठलेही प्रमाण या निकालात बसते. ‘नाकारता आले नाही म्हणजे सिद्ध झाले’ हा न्याय लावला, तर एकच नाणे एकाच वेळी समतोलही ठरते आणि चांगलेच लबाडही.

खरी अडचण वीस या आकड्यात आहे. वीस फेकींत नाण्यावर ठपका ठेवायला किमान १५ छापे किंवा १५ काटे लागतात. ६० टक्के छाप्याचे खोटे नाणे शंभर विद्यार्थ्यांना दिले, तर जेमतेम १३ जणांच्या हाती तेवढा पुरावा लागेल. उरलेले ८७ जण ‘फरक आढळला नाही’ असे लिहितील. तेच नाणे प्रत्येकाने दोनशे वेळा उडवले, तर शंभरातले ७८-७९ जण लबाडी पकडतील. चाचणीच्या या पकडण्याच्या ताकदीला इंग्रजीतला ‘पॉवर’ हाच शब्द वर्गात रुळला आहे. ती ताकद किती होती हे पाहिल्याशिवाय ‘फरक आढळला नाही’ या वाक्याला वजन येत नाही.

नाण्याच्या बाबतीत ही चूक एका गुणावर निभावते. दवाखान्यात तसे नसते. हृदयविकाराच्या झटक्यानंतर रक्ताची गुठळी विरघळवणाऱ्या औषधांच्या २४ चाचण्यांचा एकत्रित आढावा १९८५ साली प्रसिद्ध झाला. सुट्या सुट्या पाहिल्या तर त्यांतल्या फक्त पाच चाचण्यांत फरक ‘लक्षणीय’ ठरला होता. सगळ्यांचे आकडे एकत्र केल्यावर मात्र मृत्यू सुमारे २२ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. पुढच्याच वर्षी इटलीतल्या ‘गिसी’ चाचणीचे निकाल आले. त्यात सुमारे ११,८०० रुग्ण होते. स्ट्रेप्टोकायनेज दिलेल्यांपैकी २१ दिवसांत १०.७ टक्के दगावले, न दिलेल्यांपैकी १३ टक्के.

हाच फरक छोट्या चाचणीत कसा दिसेल, हे टीएने कागदावर मांडून दाखवले आहे. दोन्ही गटांत शंभर-शंभर रुग्ण घेतले, तर एकीकडे साधारण ११ मृत्यू आणि दुसरीकडे १३. दोन माणसांचा फरक निव्वळ योगायोगानेही पडतो, त्यामुळे चाचणी गप्प बसते. औषध मात्र तेव्हाही काम करतच असते.

मग ‘फरक नाही’ हे कधी म्हणताच येत नाही का? काटेकोर बरोबरी सिद्ध होत नाही, पण फरक असलाच तर ठरवलेल्या मर्यादेच्या आत आहे, हे दाखवता येते. त्यासाठी मर्यादा आधी ठरवावी लागते आणि पुराव्याचा भार उलटा करावा लागतो. जेनेरिक औषधांना हाच नियम लावतात. मूळ औषध आणि जेनेरिक यांचे रक्तात उतरणारे प्रमाण मोजून त्यांचे गुणोत्तर काढतात आणि त्याचा ९० टक्के विश्वासाचा पट्टा सर्वसाधारणपणे ८० ते १२५ टक्क्यांच्या आत पूर्ण बसावा लागतो. मोजक्या लोकांवर ढिसाळ चाचणी केली, तर हा पट्टा रुंदावून मर्यादेबाहेर जातो आणि औषध नापास होते. ‘आम्हाला फरक आढळला नाही’ एवढे सांगून तिथे सुटका नसते.

पत्राच्या शेवटी टीएने वहीतली ओळ स्वतःच दुरुस्त करून दिली आहे: ‘वीस फेकींच्या पुराव्यावरून नाणे असमतोल आहे असे म्हणता येत नाही, छाप्याचे प्रमाण ४१ ते ८५ टक्क्यांमध्ये कुठेही असू शकते.’ पूर्ण गुण या ओळीला मिळतात.