लिलावघरातलं सोनं कुठे जातं?

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या गेममध्ये राक्षस मारला की मिळणारं सोनं कुणाच्या खिशातून येत नाही. ते तिथेच नव्याने तयार होतं. असंख्य खेळाडू रोज अशी भर घालतात आणि लिलावघरातले भाव चढतात. लिलावात सोनं फक्त हात बदलतं. मात्र वस्तू १०० ला विकली, तर विक्रेत्याला ९५ मिळतात. उरलेले ५ कायमचे नष्ट होतात. चिलखताची दुरुस्तीही सोनं गिळते. पण श्रीमंतांचे साठे एवढ्याने आटत नाहीत. म्हणून २०१८ मध्ये ५० लाखांचं वाहन आलं: पाठीवर लिलावदार असलेला ब्रुटोसॉर. हे सगळं सोनं खेळातून बाहेर गेलं. मला हा उपाय योग्य वाटतो, कारण दुरुस्ती महागली असती तर भुर्दंड नवख्यांनाच पडला असता.