तीन लिटर हवा, तीन वेगांनी

पीएफटीच्या खोलीत पहिला रुग्ण येण्याआधी तंत्रज्ञ कपाटाशेजारची मोठी सिरिंज उचलतो. इंजेक्शनच्या सिरिंजशी तिचं नातं फक्त नावापुरतं आणि रचनेपुरतं. ही धरायला दोन्ही हात लागतात, सुई असण्याच्या जागी रुंद तोंड असतं आणि दट्ट्या पूर्ण मागे ओढला की आत बरोबर तीन लिटर हवा मावते. ते तोंड तो स्पायरोमीटरच्या सेन्सरला जोडतो आणि दट्ट्या पुढे ढकलतो. पडद्यावर आकडा उमटतो : ३.०२. पुष्कळ ठिकाणी काम इथेच संपतं. वहीत ‘ओके’ लिहिलं जातं आणि पहिल्या रुग्णाला आत बोलावतात.

हा एक आकडा पुरेसा का नाही, हे कळायला यंत्र नेमकं काय मोजतं ते आधी पाहावं लागेल. जॉन हचिन्सन या इंग्लिश डॉक्टरने १८४६ मध्ये ज्या स्पायरोमीटरवरचं आपलं काम प्रसिद्ध केलं, त्यात माणसाने सोडलेली हवा पाण्यात उपड्या ठेवलेल्या भांड्यात शिरायची आणि भांडं वर उचललं जायचं. किती वर गेलं ते पाहिलं की हवा किती हे थेट कळायचं. आजची बहुतेक यंत्रं अशी हवा साठवत नाहीत. ती फक्त हवेचा वेग मोजतात, म्हणजे दर सेकंदाला किती लिटर हवा चालली आहे ते. एका प्रकारच्या सेन्सरमध्ये बारीक जाळी असते. हवा जाळीतून जाताना अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबात किंचित फरक पडतो आणि त्या फरकावरून यंत्र वेग ठरवतं. दुसऱ्या प्रकारात छोटं पातं फिरतं, तिसऱ्यात ध्वनिलहरी वापरतात. पद्धत कुठलीही असो, लिटरचा आकडा हा हिशेब असतो : क्षणाक्षणाचा वेग घ्यायचा, त्याला वेळेने गुणायचं आणि सगळं एकत्र करायचं.

आता रुग्णाच्या फुंकरीकडे पाहू. छातीभर श्वास घेऊन तो जोरात फुंकतो तेव्हा पहिल्या दशांश सेकंदाच्या आसपास हवेचा वेग निरोगी प्रौढात सेकंदाला आठ-दहा लिटरपर्यंत जातो. मग तो झपाट्याने उतरतो आणि शेवटचे काही सेकंद हवा अगदी रेंगाळत बाहेर येते. दम्याच्या किंवा सीओपीडीच्या रुग्णात हे रेंगाळणं आणखी लांबतं. पहिल्या सेकंदात आलेली हवा म्हणजे एफईव्ही-वन आणि शेवटपर्यंत आलेली एकूण हवा म्हणजे एफव्हीसी. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागून येणारं गुणोत्तर डॉक्टर आधी पाहतात. श्वासनलिका रुंदावणारं औषध दिल्यावरही ते ०.७० च्या खाली राहिलं, तर निदान सीओपीडीकडे झुकतं. थोडक्यात, एफईव्ही-वन मुख्यतः वेगवान हवेतून येतो, तर एफव्हीसीमध्ये संथ हवेचाही मोठा वाटा असतो. म्हणून यंत्र दोन्ही टोकांना खरं बोलतं का, हे तपासणं भाग आहे.

अमेरिकन थोरॅसिक सोसायटी आणि युरोपियन रेस्पिरेटरी सोसायटी या दोन संस्थांच्या २०१९ च्या संयुक्त मानकात याची पद्धत दिलेली आहे. ज्या दिवशी यंत्र वापरायचं, त्या दिवशी सिरिंज किमान तीनदा आणि वेगवेगळ्या वेगांनी रिकामी करायची. वेगाचा पल्ला सेकंदाला अर्ध्या लिटरपासून बारा लिटरपर्यंत असावा. प्रत्यक्षात हे घड्याळावर सोपं जातं. एकदा सहा सेकंद घेत सावकाश ढकलायचं, म्हणजे वेग अर्धा लिटर. एकदा साधारण एका सेकंदात, म्हणजे तीन लिटर. आणि एकदा झपकन, अर्ध्या सेकंदात किंवा त्याहून कमी वेळात. रुग्णासाठी फिल्टर वापरत असतील तर तो जोडूनच हे करायचं, कारण फिल्टरचाही हवेला अडथळा असतो.

चूक किती चालेल? प्रत्येक वेगाला तीन टक्के. त्यात अर्धा टक्का सिरिंजच्या स्वतःच्या चुकीसाठी धरलेला आहे आणि अडीच टक्के यंत्रासाठी. तीन लिटरचे तीन टक्के म्हणजे ९० मिलिलिटर, म्हणून पडद्यावरचा आकडा २.९१ ते ३.०९ च्या दरम्यान हवा. २००५ च्या मानकात ही सूट साडेतीन टक्क्यांची होती, म्हणजे २.८९५ ते ३.१०५. जुनी वही पाहून काम करणाऱ्या प्रयोगशाळांमध्ये हे जुने आकडे अजून भिंतीवर चिकटवलेले असू शकतात. यातला कळीचा शब्द ‘प्रत्येक’ हा आहे. तिन्हींची सरासरी बरोबर आली म्हणून यंत्र पास होत नाही.

एक उदाहरण आकड्यांनिशी पाहू. समजा, सकाळी यंत्राचं शून्य ठरवताना छताचा पंखा जोरात चालू होता आणि सेन्सरचं तोंड उघडं होतं. शून्य ठरवणं म्हणजे हवा अजिबात हलत नसताना ‘हे शून्य’ असं यंत्राला सांगणं. पण त्या क्षणी वाऱ्याची हलकी झुळूक सेन्सरमधून उलट दिशेने गेली आणि यंत्राने तिलाच शून्य मानलं. आता पंखा बंद केला तरी स्थिर हवेत यंत्राला सेकंदाला ०.०२ लिटर वेग दिसत राहतो. एवढी चूक डोळ्यांना जाणवतही नाही.

झपकन ढकललेल्या फेरीत अर्ध्या सेकंदात या चुकीने भर पडते फक्त ०.०१ लिटरची : ३.०१. एका सेकंदाच्या फेरीत ३.०२. दोन्ही झकास. सावकाश फेरीत मात्र ती चूक सहा सेकंद साचत जाते आणि पडद्यावर ३.१२ येतं. हे ३.०९ च्या बाहेर आहे. म्हणजे मधल्या वेगाने एकदाच ढकलून ‘ओके’ लिहिणाऱ्याच्या हाती हा दोष कधीच लागला नसता.

त्या यंत्रावर एक रुग्ण सहा सेकंद फुंकतो. त्याचा खरा एफईव्ही-वन २.१३ आणि खरी एफव्हीसी ३.०० आहे, म्हणजे गुणोत्तर ०.७१. यंत्र त्याला २.१५ आणि ३.१२ देतं. भागाकार येतो ०.६९. माणूस रेषेच्या अलीकडे होता, यंत्राने त्याला पलीकडे नेऊन ठेवलं. फुंकर लांबली की चूकही वाढते, म्हणजे जे रुग्ण हवा सावकाश सोडतात त्यांच्याच अहवालात ती जास्त शिरते.

खरा धोका याच्या पुढे आहे. सावकाश फेरी नापास झाली की घाईत असलेला तंत्रज्ञ पुन्हा कॅलिब्रेशनचं बटण दाबतो. सॉफ्टवेअर तिन्ही फेऱ्यांची सरासरी काढतं, ३.०५, आणि यापुढच्या प्रत्येक मोजमापाला साधारण ०.९८४ ने गुणायचं ठरवतं. पुन्हा तपासलं की आकडे येतात ३.०७, २.९७ आणि २.९६. तिन्ही हद्दीत! यंत्र हिरवी खूण दाखवतं. पण त्या रुग्णाचं गुणोत्तर अजूनही ०.६९ च आहे, कारण वरच्या आणि खालच्या दोन्ही आकड्यांना एकाच संख्येने गुणलं तर भागाकार बदलत नाही. दोष तसाच राहिला, फक्त दिसेनासा झाला. तपासणी आणि कॅलिब्रेशन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं मानक बजावून सांगतं ते याचसाठी. तपासणीत यंत्राला हात न लावता फक्त ते खरं बोलतं का ते पाहायचं. कॅलिब्रेशनमध्ये त्याचा गुणक बदलतो. तपासणी नापास झाली तर आधी कारण शोधायचं. पंखा बंद करायचा, सेन्सरचं तोंड झाकून शून्य पुन्हा ठरवायचं, जोड घट्ट आहेत का ते चाचपायचं आणि मगच गुणकाकडे वळायचं. नवा गुणक मागच्यापेक्षा सहा टक्के किंवा त्याहून अधिक सरकला, तर सेन्सर उघडून पाहायची आणि गरज पडली तर साफ करायची वेळ आली आहे.

तीन आकडे शेजारी मांडले की त्यांच्यातला कल दोषाचा माग देतो, म्हणून वहीत नुसतं ‘ओके’ न लिहिता तिन्ही आकडे लिहायला हवेत. सावकाश फेरीत आकडा फुगतो किंवा घटतो आणि वेगवान फेरीत ठीक येतो, तेव्हा संशय शून्यावर घ्यावा. जाळीवर कफाचे थेंब किंवा ओल साचली तर अडथळा वाढतो, दाबाचा फरक वाढतो आणि तिन्ही वेगांना आकडा फुगतो, उदाहरणार्थ ३.१४, ३.१५, ३.१६. पात्याच्या यंत्रात घर्षण वाढलं तर संथ हवेला पातं नीट फिरवता येत नाही. मग सावकाश फेरीचा आकडा कमी येतो आणि बाकीचे जागेवर असतात. अशा यंत्रात पातं साफ करणं किंवा बदलणं हाच उपाय. गुणक बदलल्याने घर्षण जात नाही.

एक चूक मात्र यंत्राची नसते. रुग्णाची हवा सदतीस अंशांची आणि दमट असते, सेन्सरपर्यंत येताना ती थंड होऊन आकसते, म्हणून रुग्णाच्या चाचणीत सॉफ्टवेअर तिचा आकडा वाढवून देतं. सिरिंजमधली हवा खोलीचीच असते, तिला ही दुरुस्ती नको. कॅलिब्रेशनच्या पडद्याऐवजी रुग्णाच्या पडद्यावर सिरिंज चालवली, तर पंचवीस अंशांच्या खोलीत आकडा सात-आठ टक्क्यांनी फुगून ३.२२ च्या आसपास जातो. तिन्ही वेगांना सारखाच आणि एवढा मोठा फुगवटा दिसला, तर यंत्र उघडण्याआधी पडद्याच्या वर काय लिहिलंय ते वाचावं. तापमानाचा आणखी एक फटका आपल्याकडे सहज बसतो. सिरिंज एसीच्या खोलीत ठेवायची आणि स्पायरोमीटर बाहेरच्या उकाड्यात, किंवा सिरिंज उन्हाच्या खिडकीत ठेवायची, अशी सोय अनेक ठिकाणी असते. नळकांड्याच्या गार किंवा तापलेल्या भिंतीमुळे आतली हवा आकसते वा पसरते आणि तीन लिटर हे तीन लिटर राहत नाहीत. सिरिंज यंत्राशेजारीच, पण उन्हापासून दूर असावी.

आणि सिरिंज स्वतः? तिची अचूकता अर्ध्या टक्क्याच्या आत, म्हणजे १५ मिलिलिटरच्या आत हवी आणि ती उत्पादकाने ठरवलेल्या मुदतीने तपासून घ्यावी लागते. महिन्यातून एकदा तिचं तोंड बुचाने बंद करून दट्ट्या ढकलून पाहतात. दट्ट्या दबत दबत पुढे सरकत राहिला तर हवा कुठून तरी गळते आहे. दट्ट्या शेवटी थाडकन आपटायची सवय लागली, तर थांबा सरकून मापच बदलू शकतं. सिरिंज हातातून पडली, तर ती वरून कितीही धड दिसली तरी पुन्हा तपासून येईपर्यंत चुकीची मानायची. त्या काळात दुसरी सिरिंज नसेल, तर यंत्राची तपासणी झालेली नाही असंच वहीत लिहावं लागतं.

सिरिंजने न पकडता येणारे दोषही आहेत. गरम, दमट हवा सेन्सरमध्ये गेल्यावर तो कसा वागतो, हे खोलीच्या कोरड्या हवेवरून कळत नाही. म्हणून चांगल्या प्रयोगशाळांत निरोगी, धूम्रपान न करणारा एखादा कर्मचारी ठरावीक दिवसांनी स्वतः त्याच यंत्रात फुंकतो आणि त्याचे आकडे वेगळ्या पानावर लिहिले जातात. सिरिंजच्या तिन्ही फेऱ्या हद्दीत असताना त्याचा एफईव्ही-वन नेहमीपेक्षा घसरलेला दिसला आणि त्याला सर्दी-खोकला काही नसेल, तर त्या दिवशीच्या रुग्णांना थांबवून आधी सेन्सर आणि तापमानाची नोंद तपासतात.