त्रेसष्ट: आधी तीन की आधी साठ?

जून २०१९ मध्ये बालभारतीचं दुसरीचं गणिताचं नवं पुस्तक शाळांत आलं आणि महाराष्ट्रभर वाद पेटला. एकवीसपासून नव्व्याण्णवपर्यंतच्या संख्या नेहमीच्या नावांसोबत ‘वीस एक’, ‘साठ तीन’ अशाही वाचायला त्यात शिकवलं होतं. मराठीची मोडतोड झाली अशी ओरड झाली, विषय विधानसभेतही गाजला. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांचं म्हणणं मात्र साधं होतं: जोडाक्षरांनी भरलेली ही नावं लहान मुलांना जड जातात आणि त्यातून गणिताची भीती बसते.

त्या वादात एक जुना प्रश्न दडलेला होता. आपण जी भाषा बोलतो तिच्यामुळे आपला विचारही बदलतो का? अमेरिकेतले भाषाशास्त्रज्ञ बेंजामिन व्होर्फ ‘हो’ म्हणत. तो दावा सरसकट टिकला नाही, पण संख्यांच्या बाबतीत त्यातलं थोडं सत्य मोजून दाखवता येतं.

हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगावच्या एखाद्या शाळेत गुरुजींनी ‘त्रेसष्ट’ सांगितलं, तर मुलाच्या कानावर आधी तीन पडतात, मग साठ. पाटीवर मात्र आधी सहा लिहायचा. म्हणजे ऐकलेले तीन मनात धरून ठेवायचे, सहाची वाट बघायची आणि मग क्रम फिरवायचा. त्यात ‘साठ’चं ‘सष्ट’ झालेलं, ‘पन्नास’चं एकदा ‘वन्न’ तर एकदा ‘पन्न’. एकोणऐंशीची अडचण तर निराळीच: कानावर ऐंशी येतात, लिहायचे असतात सत्तरातले नऊ. नांदेड जिल्हा ओलांडून तेलंगणात गेलं की त्याच वयाचं मूल ‘अरवै मूडु’ म्हणतं, म्हणजे साठ तीन. ऐकण्याचा आणि लिहिण्याचा क्रम एकच.

पण तेलंगणातली शाळा निराळी, पुस्तकं निराळी, घरचा सरावही निराळा. मुलांत फरक दिसलाच, तर तो भाषेचा हे ठरवायचं कसं? इथे चेक भाषा कामाला येते. तिच्यात दोन अंकी संख्या दोन्ही तऱ्हांनी बोलतात, ‘वीस पाच’ही आणि ‘पाच नि वीस’ही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चेक मुलांना दोन्ही तऱ्हांनी संख्या लिहायला सांगितल्या. मूल तेच, शाळा तीच, तरी अंकांची उलटापालट मुख्यतः एकक आधी बोलल्यावर झाली. ऑस्ट्रियातल्या जर्मन बोलणाऱ्या पहिलीच्या मुलांच्या चुकांपैकी जवळपास निम्म्या याच जातीच्या निघाल्या. जर्मनही मराठीसारखी एकक आधी बोलते. मला हा पुरावा फार मोलाचा वाटतो, कारण ‘आमची पोरं गणितात कच्ची’ या बोलण्यातला बराच दोष तो मुलांच्या माथ्यावरून काढतो.

मग हा विचारातला फरक म्हणायचा की नुसता लिहिण्यातला? रंगांवरचा एक प्रयोग इथे वाट दाखवतो. रशियन भाषेत फिक्या निळ्याला ‘गलुबोय’ आणि गडद निळ्याला ‘सीनी’ म्हणतात. दोन्हींना मिळून एक नाव नाही. २००७ मधल्या प्रयोगात निळ्या छटांचे तीन चौकोन दाखवून, खालच्यांपैकी कोणता वरच्याशी जुळतो ते विचारलं. खालच्या दोन छटांच्या मधून नावांची सीमा जात असली की रशियन भाषकांचं उत्तर लवकर येई. इंग्रजी भाषकांत असा फरक नव्हता. मग त्याच वेळी मनातल्या मनात आकडे घोकायला लावले, आणि रशियन भाषकांचा तो फायदा नाहीसा झाला. म्हणजे डोळे बदललेले नव्हते. मनात शब्द चालू होता, तो मदत करत होता. त्याला दुसऱ्या कामाला जुंपलं की मदत थांबली.

संख्येचंही असंच असेल, तर सेनगावच्या वर्गात ते तपासता येतं. मुलानं त्रेसष्टला ३६ लिहिलं, तर त्याच्यापुढे दहा-दहा काड्यांचे गठ्ठे ठेवून त्रेसष्ट काड्या मांडायला सांगावं. सहा गठ्ठे आणि तीन सुट्या बरोबर मांडल्या, तर त्याला संख्या कळली आहे. अडलं ते नावातून अंकात येताना. तीन गठ्ठे आणि सहा सुट्या ठेवल्या, तर दशक-एकक पुन्हा शिकवायला हवं. एकोणऐंशीला ८९ लिहिणं ही मराठीच्या ‘एकोण’ची चूक. पण ‘एकशे पाच’ला १००५ लिहिलं, तर मराठीला दोष देऊ नये; तशी चूक सरळ क्रमाच्या भाषांतली मुलंही करतात.

शिवाय हा भार पुढे बराच हलका होतो. पाढे पाठ झालेल्या मोठ्या माणसाला त्रेसष्ट आणि ६३ यांच्यामध्ये थांबल्याचं जाणवत नाही. हळदीचा हिशेब करणारा शेतकरी दीडकी-अडीचकीनं झटपट गुणाकार करतो. अडचण पहिली-दुसरीची आहे, आणि तिथेच काही मुलं गणिताकडे पाठ फिरवतात.

असा बदल इतरत्रही झाला आहे. नॉर्वेनं १९५१ मध्ये सरकारी निर्णयानं ‘तीन नि साठ’ सोडून ‘साठ तीन’ शाळेत आणलं. तिथे आजही लोकांच्या तोंडी जुनी तऱ्हा ऐकू येते. शाळेतल्या मुलांना दोन्ही कळतात.