आर्गॉन कशातच पडत नाही, तरी रेणू जास्त तुटतात

फॉस्फरस पेंटाक्लोराइड हा पिवळसर झाक असलेला पांढरा, स्फटिकी पदार्थ. बाटलीचं झाकण उघडलं की हवेतल्या ओलाव्याशी त्याची क्रिया सुरू होते आणि बाटलीच्या तोंडाशी हायड्रोजन क्लोराइडचा बोचरा धूर दिसू लागतो. कोरड्या, बंद काचपात्रात तापवला तर १६० अंश सेल्सियसच्या पुढेमागे तो न वितळता थेट वाफ होतो. तापमान आणखी वाढवत नेलं की त्या वाफेवर हिरवट रंग चढत जातो. हा रंग क्लोरीनचा. पेंटाक्लोराइडचे काही रेणू तुटून त्यांचं ट्रायक्लोराइड आणि क्लोरीन झालेलं असतं:

PCl5 ⇌ PCl3 + Cl2

बाण दोन्हीकडे आहे, कारण तुटलेले तुकडे पुन्हा एकमेकांना भेटून जुळतही असतात. तुटण्याचा आणि जुळण्याचा वेग सारखा झाला की समतोल येतो. त्या क्षणी नेमके किती रेणू तुटलेले आहेत? आत डोकावून ते मोजता येत नाही. पण वाफेचं वजन करता येतं, आणि तेवढं पुरतं.

ऑगुस्त काउर या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८४०च्या दशकात हेच वजन केलं. पेंटाक्लोराइडच्या रेणुभारावरून, म्हणजे २०८.२ वरून, त्याची वाफ हवेच्या ७.२ पट जड असायला हवी. काउरला १८२ अंशांना ५.०८ पट हा आकडा मिळाला, २०० अंशांना ४.८५, २५० अंशांना ४.००, आणि ३०० अंशांना ३.६५. त्यानंतर आकडा जवळपास तिथेच थांबला. तो थांबला ती जागा महत्त्वाची आहे: ७.२ च्या निम्म्यावर, ३.६ च्या अगदी जवळ.

त्या काळात ही डोकेदुखी होती. सारख्या तापमानाला आणि दाबाला सारख्या आकारमानात सारखेच रेणू असतात, हा आव्होगाड्रोचा सिद्धांत अजून सर्वमान्य झाला नव्हता, आणि अशा हलक्या निघणाऱ्या वाफा त्याच्या विरोधकांच्या हातातलं शस्त्र होत्या. १८५७-५८च्या सुमारास कॅनिझारो, कोप आणि केकुले यांनी सुचवलं की सिद्धांत बरोबर आहे, फक्त वाफेतले रेणूच तुटलेले आहेत. एकाचे दोन झाले तर तितक्याच वजनाला दुप्पट जागा लागणार आणि घनता निम्मी होणार. १८६३ मध्ये वँकलिन आणि रॉबिन्सन यांनी या वाफेचं विसरण होऊ दिलं, तेव्हा हलका क्लोरीन पुढे निघून वेगळा सापडला. वाफ नुसतीच ‘हलकी’ नव्हती, ती मिश्रण होती. पुढे वुर्त्स यांनी पेंटाक्लोराइडची वाफ ट्रायक्लोराइडच्या वाफेत मिसळून मोजली. एक तुकडा आधीच भरपूर असल्याने तुटणं दबलं आणि घनता ७.२ च्या जवळ आली. मला या साऱ्या पुराव्यांत हा प्रयोग सर्वांत देखणा वाटतो.

आता काउरचा २५० अंशांचा आकडा घेऊ आणि हिशेब शेवटपर्यंत नेऊ. दाब १ अ‍ॅटमॉस्फिअर, आणि तो तेवढाच ठेवलेला.

सुरुवातीला १ मोल पेंटाक्लोराइड घेतलं आणि त्यातला α इतका भाग तुटला असं धरू. मग पेंटाक्लोराइड उरलं १ − α, ट्रायक्लोराइड झालं α, क्लोरीनही α. एकूण १ + α मोल. तापमान आणि दाब ठरलेला असल्यामुळे आकारमान मोलच्या संख्येच्या प्रमाणात वाढतं. वजन मात्र २०८.२ ग्रॅमच राहतं. म्हणून घनता १ + α पटीने उतरते. रेणू अजिबात तुटले नसते तर २५० अंशांना एक लिटर वाफेचं वजन ४.८५ ग्रॅम भरलं असतं. काउरच्या आकड्यावरून ते २.७० ग्रॅम येतं. ४.८५ भागिले २.७० म्हणजे सुमारे १.८०. म्हणून α = ०.८०. शंभरातले ऐंशी रेणू तुटलेले.

हे एकदा हाती आलं की समतोल स्थिरांक दोन ओळींवर आहे. एकूण १.८ मोलमध्ये पेंटाक्लोराइड ०.२ मोल, म्हणजे त्याचा आंशिक दाब ०.११ अ‍ॅटमॉस्फिअर. ट्रायक्लोराइड आणि क्लोरीन प्रत्येकी ०.८ मोल, म्हणजे प्रत्येकी ०.४४. तुकड्यांच्या दाबांचा गुणाकार भागिले अखंड रेणूंचा दाब केला की १.७८ मिळतात. एकूण दाब P असेल तर सर्वसाधारण सूत्र असं होतं:

Kp = α²P / (1 − α²)

२५० अंशांना हे १.७८ बदलणार नाहीत, दाब काहीही ठेवा. बदलतो तो α. दाब २ अ‍ॅटमॉस्फिअर केला तर α ०.६९ वर येतो. अर्धा केला तर ०.८८ वर जातो. दाबलं की जुळणी वाढते, सैल सोडलं की तूट वाढते.

इथे आर्गॉन आणू. आर्गॉन पेंटाक्लोराइडशी क्रिया करत नाही, ट्रायक्लोराइडशी करत नाही, क्लोरीनशीही नाही. सहज उत्तर असं सुचतं की त्याने काहीच फरक पडू नये. पण उत्तर पात्रावर अवलंबून आहे.

पात्राला सरकता दट्ट्या आहे आणि दाब १ अ‍ॅटमॉस्फिअरच राहतो, असं समजा. आत १.८ मोल वायू होता, त्यात १ मोल आर्गॉन घातला. दाब तोच राहायचा म्हणून दट्ट्या वर सरकतो आणि २.८ मोलना पुरेल इतकी जागा होते. त्या क्षणी मूळ तिन्ही वायू विरळ झालेले असतात. पेंटाक्लोराइडचा दाब ०.११ वरून ०.०७१ वर येतो, तुकड्यांचा ०.४४ वरून ०.२८६ वर. आता तोच गुणाकार-भागाकार केला तर १.१४ येतात. १.७८ हवे आहेत. समतोल मोडला आहे आणि तो पुन्हा साधायचा तर आणखी रेणू तुटायला हवेत.

असं का, ते रेणूंच्या बाजूने पाहिलं तर स्पष्ट होतं. तुटायला एक रेणू पुरतो. जुळायला मात्र दोन वेगवेगळे तुकडे एकमेकांना भेटावे लागतात. जत्रेचं मैदान दुप्पट मोठं केलं आणि माणसं तेवढीच ठेवली तर चुकामूक झालेल्यांची भेट आणखी अवघड होते, तसंच हे. जागा दुप्पट झाली तर दर लिटरमागे तुटण्याचं प्रमाण निम्मं होतं, पण जुळण्याचं एक चतुर्थांश. पारडं तुटण्याकडे झुकतं.

सूत्रात आर्गॉनचे n मोल एकूण मोलमध्ये मिळवायचे, इतकाच बदल:

Kp = α²P / [(1 − α)(1 + α + n)]

n = १ ठेवून वर्गसमीकरण सोडवलं की α = ०.८५६. पाच मोल आर्गॉन घातला तर ०.९३. म्हणजे ८० टक्क्यांवरून ८६, तिथून ९३. पडताळा घ्यायचा असेल तर एक मोल आर्गॉन असताना मूळ तीन वायूंच्या दाबांची बेरीज करून पाहा. ती १ अ‍ॅटमॉस्फिअर नसून ०.६५ आहे, आणि आर्गॉनशिवायच्या पहिल्या सूत्रात P = ०.६५ घातलं तरी α तोच येतो. आर्गॉनने एवढंच केलं: एकूण दाबातला आपला वाटा उचलला आणि बाकीच्यांना कमी दाबात ठेवलं.

दुसरं पात्र पोलादी, बंद, आकारमान ठाम. त्यात तोच १ मोल आर्गॉन सोडला. एकूण दाब १ वरून सुमारे १.५६ अ‍ॅटमॉस्फिअर होतो, पण पेंटाक्लोराइडचा आंशिक दाब ०.११ च राहतो आणि तुकड्यांचा ०.४४. त्यांच्या वाट्याची जागा बदललेलीच नाही. α ०.८० वरून हलत नाही. ‘दाब वाढला म्हणून समतोल मागे सरकेल’ असं ल शातेलिएच्या तत्त्वाचं नाव घेऊन लिहिलेलं उत्तर इथे साफ चुकतं. दाबमापीवरचा आकडा वाढला, क्रियेतल्या वायूंचा दाब वाढला नाही.

आर्गॉनऐवजी १ मोल क्लोरीन घातला तर? दाब १ अ‍ॅटमॉस्फिअरच ठेवला तरी α ०.७४ वर घसरतो. जागा वाढल्याने तूट वाढायला हवी, पण क्लोरीन हा जुळणीतला भागीदार असल्याने त्याचं पारडं जड ठरतं. वुर्त्सच्या प्रयोगात ट्रायक्लोराइडने हेच केलं होतं.

प्रत्यक्ष मोजणीत दोन ठिकाणी हात पोळतात. पहिलं ठिकाण ओलावा. पाण्याच्या एका रेणूशी क्रिया झाली की पेंटाक्लोराइडच्या एका रेणूपासून फॉस्फरस ऑक्सिक्लोराइडचा एक आणि हायड्रोजन क्लोराइडचे दोन रेणू होतात. एकाचे तीन झाल्याने घनता फाजील उतरते आणि α फुगतो. ओळखायचं कसं? तापमान वर नेऊन परत २५० अंशांवर आणा. खरा समतोल असेल तर घनता पहिल्या आकड्यावर परत येते. पाण्याशी झालेली क्रिया अशी मागे फिरत नाही.

दुसरं ठिकाण घनतेच्या सूत्राचं. आर्गॉन असताना १ मोल पेंटाक्लोराइडच्या मिश्रणाची घनता लिटरला २.०२ ग्रॅम येते, कारण वजन २४८.२ ग्रॅम आणि आकारमान सुमारे १२२.६ लिटर. इथे डोळे मिटून ४.८५ भागिले २.०२ केलं तर α = १.४० मिळतो, म्हणजे शंभरातले एकशे चाळीस रेणू तुटले! α एकच्या वर गेला की तिथेच थांबायचं. बरोबर वाट अशी: आकारमानावरून एकूण मोल काढा, ते २.८५६ येतात, त्यातून आर्गॉनचा १ वजा करा, मग सुरुवातीचा १ वजा करा. उरतात ०.८५६.

हा सगळा हिशेब वायू आदर्श मानून केला आहे. २५० अंशांना आणि १ अ‍ॅटमॉस्फिअरला ते चालून जातं. दाब दहा-वीस पट वाढवला तर रेणूंमधलं आकर्षण हिशेबात घ्यावं लागेल.

अकरावी-बारावीच्या मुलांना हा प्रश्न दरवर्षी भेटतो, आणि ‘निष्क्रिय वायू घातला तर काय होईल’ एवढंच विचारून तो अनेकदा अर्धवट सोडला जातो. प्रश्न काढणाऱ्या शिक्षकांना विनंती आहे: दाब कायम की आकारमान कायम, हे प्रश्नातच लिहा. त्याशिवाय या प्रश्नाला एक उत्तर नाही.