तीस गोळ्या, तीन सेकंद

‘काउंटर-स्ट्राइक’मधली एके-47 मिनिटाला 600 गोळ्यांच्या वेगाने चालते, म्हणजे 30 गोळ्यांचं मॅगझिन तीन सेकंदांत रिकामं. बटण दाबून धरलं की गोळ्या आधी जवळजवळ सरळ वर चढतात, मग आडव्या, एका बाजूकडून दुसरीकडे झुकतात. हा मार्ग दरवेळी तोच असतो, म्हणूनच तो पाठ करता येतो. त्याच्या उलट माउस ओढायचा: सुरुवातीला खाली, पुढे आडवा. यालाच स्प्रे कंट्रोल म्हणतात.

नवख्याला फसवतो तो क्रॉसहेअर. मूळ सेटिंगमध्ये तो गोळ्यांइतका वर जात नाही, त्यामुळे गोळ्या त्याच्याही वर लागतात. भिंतीवर माउस न हलवता एक मॅगझिन झाडा, आकृती दिसेल. मग माउस ओढत दुसरं. छिद्रं वरच साचली तर ओढ कमी पडली. चहूकडे विखुरली तर बहुधा तुम्ही धावत होता. ठरलेल्या मार्गावर थोडा यादृच्छिक फैलाव असतोच, तो चालताना-उडी मारताना वाढतो आणि कितीही सरावाने जात नाही. म्हणून लांबच्या शत्रूवर दोन-तीन गोळ्या झाडून क्षणभर थांबणंच बरं.