मीटर डोळा मारतो, तेव्हा…

विजेच्या मीटरवर एक लाल दिवा सतत लुकलुकत असतो. तो मुळात आपल्यासाठी नाहीच! मीटर बरोबर मोजतोय ना, हे तपासणाऱ्यांसाठी तो ठेवलेला असतो. पण त्याच्यासमोर एक प्रकाश-सेन्सर चिकटवला, की मीटरचं सील न तोडता, एकाही वायरीला हात न लावता घरात या क्षणी किती वीज जातेय ते कळतं.

३२०० मिचकाव्यांचं एक युनिट

मीटरच्या पाटीवर बारीक अक्षरांत `3200 imp/kWh` असं काहीतरी छापलेलं असतं. म्हणजे दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट संपलं. काही मीटरांवर १६०० किंवा दुसराच आकडा असतो, तेव्हा आधी पाटी वाचा. शेजारी गळती दाखवणारा वेगळा दिवाही असू शकतो. तो मोजत बसलात तर हिशेब बोंबलला.

सेन्सर येईपर्यंत घड्याळ चालेल

३२०० च्या मीटरसाठी सूत्र एवढंच: ११२५ भागिले दोन लुकलुकींमधले सेकंद, उत्तर वॅटमध्ये. फक्त २००० वॅटचा गीझर चालू असेल तर दिवा सेकंदाला जवळपास दोनदा उडतो. एकटा ७५ वॅटचा पंखा असेल तर १५ सेकंदांनी एकदा, आणि २८ वॅटचा बीएलडीसी पंखा असेल तर ४० सेकंद वाट बघायला लावतो.

समजा, रात्री सगळं बंद करून फक्त फ्रिज ठेवला. दहा लुकलुकींना ७५ सेकंद लागले, म्हणजे दोहोंत साडेसात सेकंद, म्हणजे १५० वॅट. (पहिली लुकलुक ‘शून्य’ मोजायची, ‘एक’ नाही.) थोड्या वेळानं कॉम्प्रेसर थांबला आणि अंतर ७५ सेकंदांवर गेलं. उरले १५ वॅट. हे कोण खातंय? सेट-टॉप बॉक्स, राउटर, रिमोटनं ‘बंद’ केलेला टीव्ही. दिसायला किरकोळ, पण चोवीस तास चालू राहिले तर तीस दिवसांत १०.८ युनिटं!

सेन्सरची निवड

स्वस्तातला एलडीआर चालतो, पण तो सुस्त असतो. उजेड गेल्यावर भानावर यायला त्याला वेळ लागतो आणि मीटरची लुकलुक फार क्षणभराची असते. माझं मत फोटोट्रान्झिस्टरला. तो थेट दिव्यावर बसवायचा आणि भोवती काळी टेप लावायची. बाहेरचा उजेड आत शिरला तर गोंधळ झालाच समजा. ५० हर्ट्झवर चालणारे कितीतरी दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. आपल्या डोळ्यांना ते कळत नाही, सेन्सरला कळतं. मग पॅसेजमधली ट्यूब लागली की घरात कारखाना चालू असल्यासारखे आकडे येतात.

आलेखाचा माथा सपाट का?

एकच लुकलुक दोनदा मोजली जाऊ नये म्हणून प्रोग्रॅममध्ये ‘एक नोंद झाली की इतका वेळ दुसरी घेऊ नकोस’ अशी अट घालतात. ती अर्ध्या सेकंदाची ठेवली तर मजा बघा. गीझर आणि एसी मिळून ३५०० वॅट घेतायत, लुकलुक दर ०.३२ सेकंदाला येतेय. एक मोजली जाते, पुढची अटीत अडकून गळते. पडद्यावर दिसतात साधारण १७५० वॅट! घरात काहीही लावा, आलेख २२५० वॅटच्या वर जातच नाही. असा सपाट माथा दिसला की दोष अटीचा. ती ५० मिलिसेकंदांवर आणली की काम होतं, कारण ५ किलोवॅट भारालाही दोन लुकलुकींत २२५ मिलिसेकंदांचं अंतर असतं.

गीझर बंद, आकडा चालूच

दिवा ‘आता थांबलो’ असं सांगत नाही, तो नुसता पुढची लुकलुक लांबवतो. त्यामुळे गीझर बंद केल्यावरही बावळट प्रोग्रॅम २००० वॅटच दाखवत बसतो. शहाणा प्रोग्रॅम गेलेला वेळ बघतो: दहा सेकंद झाले तरी लुकलुक नाही, म्हणजे सरासरी ११२ वॅटच्या वर नाहीच.

खरं-खोटं करायचं तर

दिवसभराची मोजणी मीटरच्या आकड्याशी ताडा. मीटर दहा युनिटं पुढे सरकला तर ३२,००० लुकलुकी हव्यात. २८,८०० भरल्या तर दर दहांत एक निसटतेय, आणि ६४,००० भरल्या तर प्रत्येक दुहेरी मोजली जातेय.

छपरावर सोलर असेल तर मात्र जरा जपून. अनेक मीटरांचा दिवा वीज आत येताना लुकलुकतो तसाच बाहेर जातानाही लुकलुकतो, आणि सेन्सरला दिशा कळत नाही. रणरणत्या दुपारी पंखासुद्धा बंद असताना आलेख दोन किलोवॅट दाखवत असेल, तर ती तुम्ही खाल्लेली नव्हे, विकलेली वीज असू शकते.